मागचा वारा सायकलला चालतो, मग विमानाला का नाही?

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि तसंच उतरतं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मागून वारा असला की माझी सायकल पळते, मग विमानाला समोरचा कशाला हवा?" मला उत्तर सुचलं नाही. एखाद्या गोष्टीतून सांगता येईल का?

उत्तर: मी हवाई वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त आहे. माझ्या नातीनेही मला सायकलवरूनच पकडलं होतं. तेव्हा काय झालं तेच लिहितो, गोष्ट वेगळी रचायची गरज नाही. मोठ्यांसाठीचे हिशोब मधेमधे येतील, ते मुलीला सांगताना गाळा.

आमचं घर घाटकोपरला. मुंबईला उतरणारी बहुतेक विमानं पूर्वेकडून येतात, आमच्या गच्चीवरून जातात आणि पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने तोंड करून टेकतात. इतकी खाली असतात की बाहेर काढलेली चाकं मोजता येतात. नाताळच्या सुट्टीत नात आली होती. दुपारी चारच्या सुमारास आम्ही गच्चीत बसलो होतो, समुद्राकडून वारा सुटला होता आणि वाळत घातलेल्या चादरी घाटकोपरच्या टेकडीकडे फडफडत होत्या.

"आबा, वारा तिकडून येतोय आणि विमानं तिकडेच चाललीत. त्यांना त्रास होत नाही?"

"उलट, त्यांना तसंच हवं असतं."

"काहीही! शाळेतून येताना वारा समोर असला की मला सायकल रेटत आणावी लागते."

इथे मी एक चूक करणार होतो, ती तुम्ही करू नका. "समोरचा वारा विमानाला खालून उचलतो, पतंगासारखा," असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पतंगाला दोरा असतो. तो दोऱ्याने जमिनीला बांधलेला असतो, म्हणून वारा त्याच्यावर जोर करू शकतो. विमानाला दोरा नाही. पतंगाचा दाखला दिलात तर पाच मिनिटांनी मूल विचारेल, "मग वर गेल्यावर वारा विमानाला मागे का नेत नाही?" आणि तुम्ही अडकाल.

मी तिला खाली पाठवून जुनं कॅलेंडर, टाचणी आणि खराट्याची काडी आणवली. कॅलेंडरच्या जाड पानाचं भिरभिरं केलं. आमची गच्ची पूर्व-पश्चिम आहे, लांबीला पंचवीसेक पावलं.

"आधी नुसती उभी राहा, समुद्राकडे तोंड करून."

भिरभिरं आपसूक फिरायला लागलं. मग तिला समुद्राच्या दिशेने पळायला लावलं. चार पावलांत त्याचा भुर्रर्र आवाज सुरू झाला. टाकीपाशी पोचली तेव्हा पाती दिसेनाशी झाली होती.

"आता उलटी फिर. टेकडीकडे पळ, पण भिरभिरं पुढे धरून."

पळाली. निम्मी गच्ची ओलांडली आणि मधेच थांबून ओरडली, "आबा, हे बिघडलं!"

बिघडलं नव्हतं. कठड्यामुळे गच्चीवरचा वारा तसा मंदच होता आणि नात जवळजवळ त्याच्याच वेगाने पळत होती. वारा आणि ती सोबतीने निघालेले. मग भिरभिऱ्यासमोर हवा येणार कुठून? तिने अजून जोरात पळून पाहिलं, तेव्हा ते कसंबसं हललं आणि तेवढ्यात कठडा आला.

"बस. हा कठडा म्हणजे धावपट्टीचा शेवट. भिरभिरं अजून फिरायचंय आणि धावपट्टी संपली."

ती कठड्याला टेकून हातातल्या काडीकडे बघत राहिली. मी काही बोललो नाही. मग तिनेच विचारलं, "विमानाला पण असं भिरभिरं असतं?"

असतं. नाकाच्या बाजूला बोटाएवढी नळी असते, तोंड पुढे केलेली. तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणारी हवा तिच्यात किती जोराने शिरते, त्यावरून पायलटच्या समोरचा वेग ठरतो. हा वेग रस्त्यावरचा नाही, हवेतला आहे. विमानाच्या पंखांनाही रस्ता कळत नाही, त्यांच्यावरून किती हवा वाहतेय एवढंच कळतं. सायकलचं उलट आहे. ती चाकाने जमीन मागे ढकलून पुढे जाते, हवा तिच्यासाठी फक्त अडथळा. म्हणून मागचा वारा सायकलला सुखाचा. विमान उचललं जातं तेच हवेमुळे, आणि तरी त्याच्याजवळची धावपट्टी मात्र जमिनीवरची, मोजूनमापून दिलेली. सगळी मेख त्यात आहे: उडायचं हवेच्या वेगावर, पण पट्टी संपते जमिनीवरच्या वेगाने.

आता आकडे. दीडएकशे माणसं नेणारं मधल्या आकाराचं जेट विमान, म्हणजे आपण पुण्या-नागपूरला जातो तसलं, साधारण १४० नॉटला जमीन सोडतं असं धरू. वजनाप्रमाणे हा आकडा बदलतो. नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, तेव्हा हे झाले जवळपास २६० किलोमीटर. वारा पडलेला असेल तर जमिनीवरही तेवढाच वेग गाठावा लागतो. समोरून २० नॉट वारा असेल, तर ब्रेक दाबून नुसत्या उभ्या असलेल्या विमानाच्या पंखांवरून २० नॉटची हवा आधीच वाहते आहे. (इतक्या कमी वेगाला पायलटचा काटा हलत नाही, पण पंखांना ती मिळतेच.) उरले १२०, तेवढेच चाकांनी कमवायचे. वारा मागून २० असेल, तर आधी तो फेडायचा आणि मग १४० गाठायचे, म्हणजे चाकांवर १६०.

फरक ४० नॉटचाच दिसतो, पण धाव वेगाच्या वर्गाने वाढते. दुप्पट वेगाला चौपट धाव लागते. वारा नसताना समजा १५०० मीटर धाव लागत असेल, तर समोरच्या २० नॉटमध्ये ती ११०० मीटरच्या आसपास येते आणि मागच्या २० नॉटमध्ये १९५० च्या पुढे जाते. तेच विमान, तेवढंच वजन, आणि साडेआठशे मीटरचा फरक.

खरं तर मागून २० नॉटमध्ये कोणी उडतच नाही. बहुतेक प्रवासी विमानांना मागच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉटच्या आसपास असते, काहींना १५. शिवाय धावेचा हिशोब करताना एक नियम पाळावा लागतो, तो मला फार आवडतो. समोरचा वारा मिळत असेल तर त्याचा निम्माच जमेला धरायचा, आणि मागचा असेल तर दीडपट खर्चात धरायचा. समोरून २० असले तर कागदावर १०, मागून १० असले तर कागदावर १५. आमची आजी धान्याचा हिशोब असाच करायची. येणारं अर्धं समजावं, देणं दीडपट समजावं. वारा क्षणोक्षणी बदलतो, त्याच्या भरवशावर पट्टीचा शेवटचा तुकडा खर्च करता येत नाही.

हे सगळं नातीला मी खडूने दाखवलं. गच्चीवर तीन रेघा मारल्या: वारा समोर, वारा नाही, वारा मागे. तिसरी रेघ मी मुद्दाम कठड्यापर्यंत नेली. तिने ती कठड्यावर चढवली आणि पलीकडच्या हवेत हात करून म्हणाली, "इथे उडेल."

मग तिने खरा अवघड प्रश्न विचारला. "म्हणजे समोरचा वारा नेहमी चांगला. वर गेल्यावर पण?"

वर गेल्यावर नाही. आकाशात मागचा वारा मिळाला तर पायलट खूश असतो. लंडनहून मुंबईला येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त, तो पश्चिमेकडून पूर्वेला वाहणाऱ्या वरच्या जोरदार वाऱ्यांमुळे. तिला समजावायला मी लोकल ट्रेन वापरली. डब्यात माशी उडते आहे. गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटरने चाललीय, पण माशीला त्याचं काही नाही. डब्यातली हवा गाडीबरोबर चालली आहे आणि माशी त्या हवेत. ती पुढे उडाली काय, मागे उडाली काय, तिला पंख सारखेच मारावे लागतात. वर आकाशात विमानाचं असंच असतं. एकसारखा वाहणारा वारा त्याला ढकलतही नाही की अडवतही नाही. तो नुसता डबा आहे, विमान त्याच्या आत.

"पण माशीला फलाटावर उतरायचं असेल तर?"

हे मी विचारलं नव्हतं, तिने विचारलं. मुलीला सांगताना इथे थांबा आणि तिलाच बोलू द्या. अडचण सगळी फलाटाची आहे. विमान हवेच्या गाडीत बसलेलं असतं आणि त्याला जमिनीच्या फलाटावर उतरायचं असतं. फलाट जितका सावकाश मागे सरकेल तितकं बरं. गाडी पुढे धावत असताना माशी दाराजवळ उलट्या दिशेने, म्हणजे गाडीच्या शेपटाकडे उडाली, तर फलाट तिला हळू सरकताना दिसतो. म्हणजे तिने वाऱ्याकडे तोंड केलं. (चालत्या लोकलमधून उतरणाऱ्यांचा दाखला माझ्या तोंडावर आला होता. तिची आजी शेजारीच होती, म्हणून गिळला. तुम्हीही गिळा.)

उतरताना हा हिशोब उडण्यापेक्षाही कडक लागतो, कारण साठलेला सगळा वेग ब्रेकना खायचा असतो. हवेतला वेग १३५ नॉट धरा. समोरून १५ चा वारा असेल तर चाकं १२० ने टेकतात. तोच मागून असेल तर १५० ने. ब्रेकवर पडणारी ऊर्जा पुन्हा वर्गाने मोजायची, ती दीडपटीहून जास्त भरते. त्यात आणखी एक गोष्ट होते. मागचा वारा विमानाला टेकण्याच्या जागेच्या पुढे वाहवत नेतो, म्हणजे थांबायला अंतर जास्त हवं आणि शिल्लक राहतं कमी. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर पावसात झालेला अपघात आठवत असेल. विमान मागच्या वाऱ्यात उतरत होतं, ठरलेल्या जागेच्या खूप पुढे टेकलं आणि पट्टी संपून खाली गेलं. २१ माणसं गेली. वारा हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण पुढे टेकणं आणि मागचा वारा एकत्र आले की काय होतं ते तिथे दिसलं. हे मी नातीला सांगितलं नाही.

तिला त्याऐवजी कावळे दाखवले. आमच्या टाकीवर कावळे उतरतात. कुठूनही येवोत, शेवटच्या हातभर अंतरात वळसा घेऊन वाऱ्याकडे चोच करतात आणि मग पाय टेकतात. बसल्यावरही तोंड तिकडेच, नाहीतर पिसं विस्कटतात. दहा कावळे मोजायचे आणि त्यातले किती वळले ते सांगायचं, एवढं काम तिला दिलं आणि मी चहा प्यायलो. नऊ वळले. दहावा, तिच्या मते, घाईत होता.

"पण आबा, वारा आपल्याला हवा तिथून थोडाच येतो? धावपट्टी तर फिरवता येत नाही."

पट्टी फिरवता येत नाही, म्हणून बांधतानाच त्या जागेचा वर्षानुवर्षांचा वारा बघून तिची दिशा ठरवतात. मुंबईच्या मुख्य पट्टीच्या एका टोकाला २७ लिहिलंय आणि दुसऱ्याला ०९. हे होकायंत्राचे अंश आहेत, शेवटचं शून्य काढून टाकलेले. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. ०९ म्हणजे ९०, पूर्व. पट्टी एक, दारं दोन. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, इतर महिन्यांत दुपारी समुद्रावरून वायव्येचा येतो, म्हणून २७ चं दार जास्त उघडतं.

वाऱ्याचं नाव सांगताना मुलं हमखास गोंधळतात. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेला जाणारा नव्हे, पश्चिमेकडून येणारा. टॉवरवरून आम्ही पायलटला सांगतो "वारा ३०० अंश, १२ नॉट", तेव्हा तो ३०० अंशाकडून येत असतो. धावपट्टीजवळ खांबाला लावलेली कापडी नळी, विंडसॉक, मात्र शेपूट उलट्या बाजूला दाखवते. तिचं रुंद तोंड ज्या बाजूला, तिकडून वारा.

त्या दुपारचा वारा साधारण तसाच होता असं धरू. ३०० आणि २७० मध्ये ३० अंशांचं अंतर. १२ नॉटपैकी जवळजवळ साडेदहा समोरून मिळतात आणि ६ उजव्या बाजूने लागतात. बाजूचे ६ विमानाला डावीकडे सरकवतात, म्हणून पायलट नाक किंचित उजवीकडे ठेवून येतो. मी नातीला सांगितलं, "पुढचं विमान येताना नाकाकडे बघ, सरळ चाललंय की खेकड्यासारखं?" या वाऱ्यात हा कोन अडीच अंशांचाच असतो, खालून ओळखणं कठीण. तरी तिला तो दिसला म्हणे. पावसाळ्यात बाजूचा वारा जोरात असला की माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही चष्म्याशिवाय दिसतो. चाकं टेकण्याच्या बेताला नाक पट्टीच्या रेषेत आणावं लागतं, आणि बाजूच्या वाऱ्याचीही प्रत्येक विमानाला मर्यादा असते.

समोरचा वारा भला, पण तो अचानक फिरला तर? हे तिला रात्री जेवताना सांगितलं. मी टॉवरमध्ये असताना, पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांतली एक संध्याकाळ. पश्चिमेचा छान वारा होता, विमानं एकामागून एक पश्चिमेकडे तोंड करून उतरत होती. पूर्वेला, खाडीपलीकडे, ढग काळे झाले होते. एक विमान पट्टीपासून चारेक मैलांवर असताना पूर्वेच्या टोकाचा विंडसॉक लुळा पडला. मिनिटभरात तो उलट्या दिशेने ताठ उभा राहिला, पश्चिमेच्या टोकाचा अजून जुन्याच दिशेने. एकाच पट्टीच्या दोन टोकांना दोन वारे. ढगातून थंड हवा खाली कोसळून जमिनीवर पसरत आली होती. अशा वेळी माशी-डब्याचा दाखला मोडतो, कारण डबाच अचानक बदलतो. विमानाचं वजन मोठं, त्याचा वेग एका क्षणात बदलत नाही. समोरून मिळणारे १५ नॉट गेले आणि मागून १० आले, तर पंखांवरची २५ नॉटची हवा एकदम हरवते. मी बदललेला वारा आकड्यांत सांगितला, सल्ला काही दिला नाही. उतरायचं की नाही हे पायलट ठरवतो. त्याने वाक्य संपायच्या आत "गोइंग अराउंड" म्हटलं आणि विमान वर घेतलं.

मग दिशा बदलायचं काम सुरू झालं. उडण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्यांना जमिनीवरून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं, आकाशातल्यांना वळसा घालून समुद्राकडून आणायचं. सगळी रांग नव्याने लावावी लागते आणि तोवर विमानं घिरट्या घालतात. ढग अर्ध्या-पाऊण तासात सरला, वारा परत पश्चिमेचा झाला, आणि आम्ही सगळं पुन्हा उलटं केलं. नातीला विमानापेक्षा या रांगेचीच जास्त गंमत वाटली. "म्हणजे शाळेत प्रार्थनेच्या वेळी मागे वळा म्हणतात तसं?" जवळजवळ तसंच.

काही ठिकाणी हा नियम डोंगरापुढे चालत नाही. लेहला आजूबाजूच्या डोंगरांमुळे विमानं साधारणपणे एकाच बाजूने येतात आणि उलट तोंड करून त्याच बाजूने निघून जातात, वारा कुठूनही असो. दुपारी तिथे खोऱ्यातून जोराचे वारे सुटतात, म्हणून लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात. तिकीट काढताना पहाटेची वेळ बघून वैतागलात तर हे आठवा.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नात मला हलवून उठवायला आली. हातात भिरभिरं.

"आबा, उठा. विमानं चुकीची उतरतायत."

स्वेटर घालून वर गेलो. हिवाळ्यात रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो. भिरभिरं टेकडीकडे धरलं की हळूहळू फिरत होतं, समुद्राकडे धरलं की नाही. वारा पूर्वेचा. आणि डोक्यावरून विमान कालच्यासारखंच पश्चिमेला चाललं होतं, वाऱ्याला पाठ करून.

"बरोबर पकडलंस. पण किती वारा आहे? भिरभिरं कसं फिरतंय?"

"हळू. पाती मोजता येतात."

"म्हणजे तीन-चार नॉट. एवढा मागून असला तर चालतो. पट्टी लांब आहे, पायलटने हिशोब केलाय, आणि एवढ्यासाठी सगळी रांग फिरवायची तर नुसता गोंधळ. वारा वाढला की मग फिरवतात."

"किती वाढला की?"

"पाचच्या वर गेला की आम्ही विचार करायला लागायचो. दहापर्यंत कोणी वाट बघत बसत नाही."

ती टाकीवर चढून बसली, भिरभिरं पूर्वेकडे धरून. मी चहाला खाली आलो. साडेआठपर्यंत तिने दोनदा वरून हाक मारली, दोन्ही वेळा एकच: "अजून मोजता येतात!"